फुगलेले कपॅसिटर आणि जुना मदरबोर्ड: सोल्डरिंग आयर्न तापवायची की बोर्ड भंगारात द्यायचा?

जुना पीसी सकाळी पहिल्या झटक्यात चालू होत नाही, तीन-चार वेळा बटण दाबलं की मग उठतो आणि एकदा गरम झाला की दिवसभर बरा चालतो, अशी तक्रार असेल तर रॅम काढून रबराने घासत बसण्याआधी केबिनेटचं झाकण उघडा आणि टॉर्च मारून सीपीयूच्या आजूबाजूचे कपॅसिटर बघा. पंधरा-वीस वर्षं जुन्या बोर्डात, म्हणजे कोअर टू ड्युओ आणि त्याच्या आगेमागेच्या जमान्यातल्या, निम्मा निकाल इथेच लागतो. दुसरं लक्षण म्हणजे लोड आला की अचानक रिस्टार्ट, विंडोजची निळी स्क्रीन दर वेळी वेगळा एरर दाखवते, विंडोज नव्याने टाकताना फाइल कॉपी होत नाही आणि आपण उगाच सीडीला शिव्या देतो.

आधी बघायचं काय ते नीट सांगतो, कारण इथेच लोक फसतात. गोल ॲल्युमिनियमच्या डबीच्या डोक्यावर फुलीसारखी किंवा के अक्षरासारखी खाच असते, ती मुद्दाम ठेवलेली असते, आत गॅस झाला तर तिथून फुटावं म्हणून. ते डोकं एकदम सपाट पाहिजे. डोळ्याने कळत नसेल तर स्टीलची छोटी पट्टी त्यावर आडवी ठेवा आणि मागून उजेड बघा, पट्टी डुगडुगली की फुगला. खाचेतून तपकिरी सुकलेला थर आला असेल तर प्रश्नच संपला. पण काही कपॅसिटर वरून चकाचक असतात आणि खालून गळतात, आतला रबरी बूच बाहेर ढकलला जातो आणि कपॅसिटर बोर्डवर थोडा तिरका उभा राहतो, त्यामुळं वरून बघून झालं की बाजूने पण बघा, सगळे एका ओळंब्यात आहेत का ते. एक मात्र लक्षात ठेवा, एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायच्या डब्याच्या, आत आणि काही बोर्डांवर कपॅसिटर हलू नयेत म्हणून फॅक्टरीतच पिवळट-तपकिरी गोंद लावलेला असतो, तो बुडाशी बाजूने चिकटलेला दिसतो, त्याला गळती समजून घाबरू नका. आणि ज्यांच्यावर प्लास्टिकचं वेष्टण नाही, डोक्यावर खाच नाही, नुसती चंदेरी डबी आणि वर निळा किंवा जांभळा रंग, ते सॉलिड पॉलिमरवाले. त्यात पातळ द्रव नसतो म्हणून ते असे फुगून गळत नाहीत.

फुगतात का? आत ॲल्युमिनियमची फॉइल आणि कागद गुंडाळलेला असतो आणि कागद इलेक्ट्रोलाइटने भिजवलेला असतो. १९९९ ते २००७ च्या आसपास बाजारात जे कपॅसिटर आले त्यातल्या बऱ्याच कंपन्यांचा पाणी जास्त असलेला इलेक्ट्रोलाइट धड स्थिर नव्हता, आत हायड्रोजन व्हायचा आणि डबी फुगायची. फक्त स्वस्त मालाचीच ही गोष्ट नव्हती, डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स२७० आणि जीएक्स२८० या ऑफिसच्या मशीन यातच अडकल्या आणि २००५ मध्ये डेलला दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलर बाजूला ठेवावे लागले. नंतरच्या बोर्डांत फॉर्म्युल्याचा दोष कमी, उष्णता आणि वय जास्त. कपॅसिटरवर १०५ डिग्री लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ त्या तापमानाला तो साधारण २००० तास टिकेल एवढाच, आणि तापमान दर १० डिग्रीने कमी झालं की आयुष्य दुप्पट असा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे ६५ डिग्रीला ३२००० तास, रोज ८ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर १३ वर्षं. तोच कपॅसिटर धूळ भरलेल्या हीटसिंकच्या शेजारी ७५ डिग्रीला बसला तर साडेसहा वर्षांत गारद. म्हणून नेहमी सीपीयूला खेटून असलेले आधी जातात.

आता मुख्य मुद्दा, करायचं की नाही. लोक फुगलेले कपॅसिटर मोजतात, दोन आहेत म्हणजे करू, आठ आहेत म्हणजे सोडा. याला काही अर्थ नाही. आठ कपॅसिटर बदलणं हे दोनपेक्षा फक्त तासभर जास्त काम आहे. खरं बघायचं ते असं, की कपॅसिटर खराब असताना बोर्ड चालवत राहिल्यामुळं पुढे काही जळलंय का, आणि हे मशीन असं काय काम करतं जे दुसरं करू शकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या, ते फुकट आहे. घरातला टायपिंग-यूट्यूबचा पीसी असेल, जी३१ किंवा जी४१ चा बोर्ड, डीडीआर२ रॅम, तर मी स्पष्ट सांगतो, नाद सोडा. त्याच सॉकेटचा जुना चालू बोर्ड सेकंड-हँड बाजारात मिळतो, आणि थोडे जास्त पैसे टाकले तर ऑफिसमधून निघालेला चौथ्या-सहाव्या पिढीचा आय५ वाला रिफर्बिश्ड डबा येतो जो सगळ्याच बाबतीत वरचढ आहे. तुमचा अख्खा रविवार, आयर्न, पंप, फ्लक्स हे सगळं धरलं तर दुरुस्ती महागच पडते. हात साफ करायचा असेल, शिकायचं असेल, तर मात्र असाच बोर्ड घ्या, त्यावर काही बिघडलं तरी रडायला येत नाही.

पण काही मशीन अशी असतात की तिथे बोर्ड बदलणं म्हणजे अख्खा संसार हलवणं. आमच्या भागात एका ओळखीच्याच्या वजनकाट्यावर असा पीसी आहे, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या तिथे येतात. विंडोज एक्सपी, मागे सिरियल पोर्टला काट्याचा इंडिकेटर आणि पॅरलल पोर्टला सॉफ्टवेअरचं लॉक, तो छोटा डोंगल. सिरियलचं एक वेळ यूएसबी कन्व्हर्टरने भागतं, पण बाजारातले यूएसबी ते पॅरलल कन्व्हर्टर हे प्रिंटरपुरतेच असतात, डोंगल त्यावर ओळखलाच जात नाही. ज्याने सॉफ्टवेअर दिलं त्याचा धंदा बंद. नवीन सॉफ्टवेअर, नवीन पीसी, जुना डेटा वळवणं हे सगळं हंगामाच्या ऐन मध्यात कोण करणार? कटिंग प्लॉटर, जुनं सीएनसी, एम्ब्रॉयडरी मशीन, लॅबमधलं एखादं उपकरण जे फक्त आयएसए किंवा जुन्या पीसीआय कार्डवर चालतं, अशा ठिकाणी दोन-तीनशे रुपयांचे कपॅसिटर टाकून बोर्ड उठवणं हे शंभर टक्के परवडतं. हाच काट्याचा बोर्ड पुढे उदाहरण म्हणून घेतो.

आयर्न तापवायच्या आधी तपासणी. पीसी बंद, वायर भिंतीतून काढलेली, मग पॉवर बटण दोन-तीनदा दाबून उरलासुरला चार्ज घालवायचा. पहिला संशय एसएमपीएसवर घ्या. त्याच्या आउटपुटचे कपॅसिटर पण त्याच वयाचे असतात, ते सुकले की घाणेरडा डीसी बोर्डला जातो आणि बोर्डचे कपॅसिटर त्यात भाजून निघतात. दुसरा, नक्की चांगला असलेला एसएमपीएस लावून बघा, कधीकधी तेवढ्यावरच काम होतं. मल्टिमीटरने १२ व्होल्ट लाइन ११.४ ते १२.६ च्या मध्ये आणि ५ व्होल्ट लाइन ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी, पण मीटर रिपल, म्हणजे डीसीवरची बारीक थरथर, दाखवत नाही, त्यामुळं आकडा बरोबर आला म्हणजे एसएमपीएस पास असं समजू नका. आणि एसएमपीएस उघडायच्या भानगडीत नवख्याने पडू नये, आत प्राथमिक बाजूला सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतो आणि वायर काढल्यावरही काही वेळ तिथे राहू शकतो. तो बदलायचा, संपलं.

मग मॉसफेट, म्हणजे १२ व्होल्ट सीपीयूसाठी खाली आणणारे इलेक्ट्रॉनिक स्विच. सीपीयूजवळ चार पिनांचं १२ व्होल्टचं सॉकेट असतं, त्यातला एसएमपीएसचा कनेक्टर काढा, शक्य असेल तर सीपीयू पण काढा. मीटर ओहमवर ठेवून सॉकेटच्या पिवळ्या वायरच्या पिनपासून काळ्या वायरच्या पिनपर्यंत मोजा. सुरुवातीला आकडा कमी दिसेल आणि हळूहळू चढेल, कारण मीटर आतले कपॅसिटर चार्ज करतोय, ते ठीक आहे. पण आकडा जवळपास शून्यावर चिकटून बसला, बीप थांबतच नाही, तर बहुतेक वरचा, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूचा मॉसफेट शॉर्ट झालाय. हे वाईट, कारण वरचा मॉसफेट शॉर्ट म्हणजे सव्वा व्होल्टवर चालणाऱ्या सीपीयूला थेट १२ व्होल्ट जाण्याचा रस्ता मोकळा. तसं आलं तर कपॅसिटर बदलून काही होणार नाही, आणि मॉसफेट, ड्रायव्हर, सीपीयू असं शोधत जाणं अनुभवी माणसाचं काम आहे. घरगुती दुरुस्ती इथेच थांबवा आणि तसलाच दुसरा बोर्ड शोधा. काट्याच्या बोर्डवर आकडा चढत जाऊन किलोओहमच्या घरात थांबला, म्हणजे पुढे जायला हरकत नव्हती.

आता कपॅसिटरची यादी करा, आणि मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा, पट्टी कुठल्या दिशेला आहे ते स्पष्ट दिसेल असे. कपॅसिटरवरची पट्टी म्हणजे मायनस पाय. बोर्डवर गोलात अर्धा भाग पांढरा रंगवलेला असतो, तो बहुतेक कंपन्यांत मायनस असतो, पण काही बोर्डांवर नेमकं उलटं छापलेलं सापडतं. म्हणून छपाईवर नको, आधी जे बसलंय त्याच्या फोटोवर विश्वास ठेवा, आणि शंका आली तर मीटरच्या बीपने बघा, मायनस पाय बोर्डच्या ग्राउंडला, म्हणजे स्क्रूच्या भोकाच्या कड्याला जोडलेला असतो. उलटा बसवलेला कपॅसिटर पहिल्याच स्टार्टला फटाका फोडतो.

काट्याच्या बोर्डवर सीपीयूच्या आउटपुटला पाच कपॅसिटर होते, १५०० मायक्रोफॅरड ६.३ व्होल्ट, ८ मिलिमीटर व्यासाचे. चार फुगलेले, एक दिसायला चांगला. १२ व्होल्टच्या इनपुटला तीन, १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट, तिन्ही सपाट. रॅमच्या बाजूला दोन, १००० मायक्रोफॅरड ६.३ व्होल्ट, दोन्ही फुगलेले. मग बदलायचे सहा? नाही, दहाच्या दहा. ते आउटपुटचे पाचही एकमेकांना समांतर जोडलेले असतात आणि रिपलचा बोजा वाटून घेतात, चार आजारी पडले की सगळा बोजा त्या पाचव्यावर येतो, म्हणजे जो चांगला दिसतोय त्यानेच सगळ्यात जास्त मार खाल्लाय. इनपुटचे तीन पण त्याच वयाचे, त्याच उष्णतेतले, आणि एकदा बोर्ड बाहेर काढून आयर्न तापवल्यावर तीन जास्तीचे करायला कितीसा वेळ लागतो. आणि हो, बोर्डवर असताना मीटरने कपॅसिटर तपासायचा प्रयत्न करू नका, समांतर जोडणीत एका चांगल्यामुळं चार वाईट लपून जातात, कपॅसिटरचा आतला रोध मोजणारा ईएसआर मीटर असला तरी तेच.

विकत घेताना एकच गोष्ट घोकून ठेवा, लो ईएसआर. म्हणजे आतला रोध कमी असलेला. दुकानात १५०० मायक्रोफॅरड ६.३ व्होल्ट मागितलं तर जो पहिला हातात पडेल तो साधा, रेडिओ-ॲम्प्लिफायरवाला असू शकतो, आकडा तोच, डबी तीच, पण सीपीयूच्या रेग्युलेटरमध्ये सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणारा करंट त्याला झेपत नाही, तो आतून तापतो आणि काही महिन्यांत पुन्हा फुगतो. एखाद्या दुकानातून दुरुस्त करून आणलेला बोर्ड सहा महिन्यांत परत तसाच झाला, तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. पॅनासॉनिकची एफआर किंवा एफएम, रुबिकॉनची झेडएलएच, निचिकॉनची एचई अशा सिरीज मागा, डबीवर ती अक्षरं छापलेली असतात. व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी जास्त चालेल, कमी चालणार नाही. मायक्रोफॅरड तेवढेच किंवा थोडे जास्त. व्यास आणि उंची मोजून न्या, ८ मिलिमीटरच्या जागी १० चा घुसत नाही, आणि उंची जास्त झाली तर सीपीयूचा पंखा बसत नाही, हे घरी आल्यावर कळतं.

सॉलिड पॉलिमर पण टाकता येतात, सीपीयूच्या आउटपुटला तर ते जास्त टिकाऊ. तिथे व्होल्टेज १.१ ते १.३ च्या आसपास असतं म्हणून ८२० मायक्रोफॅरड २.५ व्होल्टचे पॉलिमर चालतात, त्यांचा ईएसआर इतका कमी असतो की मायक्रोफॅरड निम्मे असले तरी सहसा निभतं. इनपुटला मात्र १६ व्होल्टचेच.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, तिथे हे सगळं मिळतं, पण मिळतं म्हणजे अस्सल मिळतं असं नाही. जुने काढलेले कपॅसिटर धुऊन विकणारे पण आहेत. पाय कापलेले किंवा पायांवर सोल्डरचा थर असलेले घेऊ नका, नवीन कपॅसिटरचे पाय लांब असतात आणि प्लसचा पाय मायनसपेक्षा लांब. मी तर मोठ्या ऑनलाइन कॉम्पोनंट विक्रेत्याकडून मागवतो, कुरियरचे पैसे जातात पण डोक्याला ताप नाही.

काढायचं काम. इथे घरातली २५ वॅटची आयर्न ठेवून द्या. मदरबोर्ड चार-सहा थरांचा असतो, आत तांब्याचा अख्खा थर ग्राउंडसाठी असतो आणि तो सगळी उष्णता पिऊन टाकतो, त्यामुळं मायनसच्या पायाचं सोल्डर वितळतच नाही. ६० वॅट किंवा जास्त, तापमान सेट करता येणारी, टोक चपटं, ३५० ते ३८० डिग्री. २००६ नंतरच्या बोर्डांवर बिनशिशाचं सोल्डर असतं, ते उशिरा वितळतं, म्हणून आधी दोन्ही पायांवर थोडा फ्लक्स आणि आपलं ६३/३७ वालं शिशाचं सोल्डर लावून घ्या, दोन्ही मिसळले की काम एकदम सोपं होतं. मग बोर्ड उभा धरा, एका हाताने समोरून कपॅसिटर धरा, मागून एक पाय तापवा आणि कपॅसिटर किंचित दुसरीकडे कलंडवा, मग दुसरा पाय तापवा आणि इकडे कलंडवा, असं डोलवत डोलवत तो बाहेर येतो. ओढायचं नाही. सोल्डर वितळलेलं नसताना ओढलं तर भोकाच्या आतली तांब्याची नळी पायाबरोबर बाहेर येते आणि ती नळीच आतल्या थरांना जोडत असते, ती गेली की बोर्ड गेला समजा. पायाला बाहेर येताना तांब्याची छोटी अंगठी चिकटलेली दिसली तर तेच झालंय.

सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे भोकं मोकळी करणं. डीसोल्डर पंप प्लसच्या भोकाला लगेच काम करतो, ग्राउंडच्या भोकाला करत नाही. तिथे पुन्हा ताजं सोल्डर भरा, मागून आयर्न लावून ठेवा आणि समोरून स्टेनलेस स्टीलची बारीक सुई हलकेच आत घाला, स्टेनलेसला साधं सोल्डर सहज धरत नाही, आयर्न काढून सुई फिरवत राहा, सोल्डर थिजलं की भोक तयार. इंजेक्शनची सुई या कामाला मस्त. ड्रिल अजिबात नाही. पाच-सहा सेकंदांत वितळलं नाही तर थांबा, बोर्ड थंड होऊ द्या, हेअर ड्रायरने त्या भागाला आधी एकसारखं गरम करा आणि पुन्हा करा, तापमान ४५० वर नेऊन दाबत बसलात तर पॅड उचकटतो.

गळलेला इलेक्ट्रोलाइट बोर्डवर पसरलेला असतो, तो तांबं खातो आणि त्याच्यामुळं ट्रॅकमध्ये गळती करंट वाहू शकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, दोनदा घासून पुसा, आणि त्याखालचा ट्रॅक काळा-हिरवा पडलाय का ते भिंगातून बघा.

नवीन बसवताना पट्टी फोटोप्रमाणे, डबी बोर्डला टेकलेली, मागून पाय आणि पॅड दोन्ही तापवून सोल्डर द्यायचं, समोरच्या बाजूला भोकातून सोल्डरची कड दिसली तर जोड पक्का. पाय कापा, फ्लक्स पुसा, मग परत तेच ओहमचं माप घ्या, १२ व्होल्टच्या सॉकेटवर आणि प्रत्येक नव्या कपॅसिटरच्या दोन पायांत. सीपीयूच्या आउटपुटला सीपीयू बसवलेला असताना काही ओहमच दिसतात, ते शॉर्ट नाही, सीपीयूच तसा असतो, म्हणून हे माप सीपीयू काढून घ्यायचं.

पहिली स्टार्ट बोर्ड केबिनेटच्या बाहेर, पुठ्ठ्यावर ठेवून, सीपीयू, पंखा आणि एकच रॅम लावून, तोंड जरा लांब ठेवून. हार्ड डिस्क लावू नका. डिस्प्ले आला की बायोसमध्ये व्होल्टेजचे आकडे बघा, पाच-दहा मिनिटांनी बंद करून कपॅसिटरना बोट लावा, एखादा शेजाऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला तर तो उलटा किंवा खराब. मग रात्रभर Memtest86+ लावून ठेवा, एकही एरर यायला नको. काट्याच्या बोर्डला त्याच वेळी सीआर२०३२ सेल, सीपीयूची पेस्ट आणि नवा एसएमपीएस असं सगळं घातलं, कपॅसिटरपेक्षा एसएमपीएसचाच खर्च जास्त झाला, पण जुना ठेवला असता तर नवे कपॅसिटर त्याने खाल्ले असते.

हार्ड डिस्क जोडायच्या आधी तिची अख्खी कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. महिनोन् महिने अधूनमधून रिस्टार्ट होत होता त्यात फाइल सिस्टीमची काय वाट लागलीय ते सांगता येत नाही, आणि अशा मशीनमध्ये बोर्डपेक्षा त्या डिस्कवरचं सेटअपच जास्त मोलाचं असतं. दुरुस्तीनंतर महिन्याभराने एकदा झाकण उघडून पट्टी ठेवून बघा, नवे कपॅसिटर इतक्या लवकर फुगायला लागले असतील तर दोष त्यांच्यात शोधण्याआधी ते खरंच लो ईएसआर होते का आणि सीपीयूचा पंखा त्यांच्यावर हवा मारतोय का हे तपासा.